सही करण्याआधी शेजारी बसा

कामावरून कमी केलेल्या माणसाचा पहिला दिवस एका ठरावीक पद्धतीने जातो. दुपारी केबिनमध्ये बोलावतात, दहा मिनिटांत विषय संपतो आणि समोर एक कागद येतो. "इथे सही करा, म्हणजे तुमचा हिशोब लवकर मोकळा होईल," असं सांगितलं जातं. कानांत घण बसल्यासारखं झालेलं असताना माणूस सही करून टाकतो. बाहेर आल्यावर सहकारी भोवती जमतात, खांद्यावर हात ठेवतात, "जे होतं ते बऱ्यासाठीच होतं" म्हणतात आणि आपापल्या जागेवर परत जातात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं, पण त्या कागदावर काय लिहिलं होतं हे त्यांच्यापैकी कुणी विचारलेलं नसतं. माझ्या मते सहकाऱ्याचं सांत्वन या एका प्रश्नापासून सुरू व्हायला हवं.

पेणकरपाड्यात हे लिहिण्याला कारण आहे. दहिसर चेकनाक्याच्या पलीकडे हायवेलगतच्या या वस्तीत दोन तऱ्हेचे कामगार शेजारी राहतात. काहीजण इथल्याच आणि आसपासच्या गाळ्यांत काम करतात, तर काहीजण रोज शेअर रिक्षाने मीरा रोड स्टेशन गाठून अंधेरी, गोरेगाव, बांद्रा अशा ठिकाणच्या ऑफिसांत जातात. पहिल्याला शेठ तोंडी सांगतो, "उद्यापासून नको येऊस." दुसऱ्याला एचआरवाले बोलावतात आणि दुपारपर्यंत त्याचा ईमेल बंद होतो. धक्का दोघांना सारखाच बसतो, दोघांच्या घराचे हप्तेही सारखेच चालू असतात. कागद मात्र वेगळे असतात, म्हणून मदतही थोडी वेगळी करावी लागते.

आधी बोलण्याबद्दल. "काळजी करू नकोस", "तुझ्यासारख्याला कुणीही घेईल", "देव एक दार बंद करतो तेव्हा दुसरं उघडतो" या वाक्यांनी बोलणं संपतं, कारण त्यांवर समोरच्याला "हो" म्हणण्याशिवाय काही उरत नाही. "तुझ्यासारख्याला कुणीही घेईल" हे तर दोन महिन्यांनी उलटतं. तोवर कुणी घेतलेलं नसलं, की तो स्वतःलाच दोष द्यायला लागतो. सगळ्यांत फसवं वाक्य म्हणजे "काही लागलं तर सांग". त्यामुळे मागण्याचं काम त्याच्यावर येतं आणि ज्याच्या हातून नुकतीच नोकरी गेली आहे तो माणूस मागत नाही. त्याऐवजी वेळ आणि काम ठरवून बोला: "आज सात वाजता मी तुझ्याकडे येतो. त्यांनी दिलेला कागद आणि नेमणुकीचं पत्र काढून ठेव, दोघं मिळून वाचू." वरिष्ठ सहकारी असतील तर: "साहेब, उद्या सकाळी तुमच्याकडे येऊ का? पीएफचं लॉगिन चालू आहे का ते बघू." यात सहानुभूतीचा एक शब्द नाही, पण ऐकणाऱ्याला आधार मिळतो, कारण पुढचा एक तास कसा जाणार हे त्याला कळलेलं असतं.

त्याला बोलायचं असेल तर बोलू द्या. "मलाच का काढलं?" हा प्रश्न तो वारंवार विचारेल. तुम्हाला आतली गोष्ट माहीत असली तरी अंदाज सांगू नका. "अमक्याने तुझं नाव पुढे केलं म्हणे" असं एक वाक्य त्याच्या डोक्यात वर्षभर राहतं. "मलाही कळलं नाही, वाईट झालं" एवढं पुरेसं आहे. तुमची स्वतःची नोकरी टिकली आहे याबद्दलचा संकोच किंवा सुटका, दोन्ही त्याच्यासमोर बोलून दाखवू नका. त्या दिवशी तुम्हाला सावरण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकायची नसते.

आता त्या कागदाकडे येऊ, कारण खरं नुकसान तिथे होतं. त्यावर "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे" असं लिहिलेलं असेल, तर कायद्याच्या दृष्टीने त्याला कुणी काढलेलं नाही, तो आपणहून गेला आहे. कमी केलेल्या कामगाराला मिळणारी भरपाई तिथेच सुटते. औद्योगिक विवाद कायदा, 1947 प्रमाणे सलग सेवेचं एक वर्ष, म्हणजे बारा महिन्यांत किमान 240 दिवस काम केलेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची लेखी सूचना किंवा तेवढा पगार द्यावा लागत असे, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराइतकी भरपाई. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली, पण हा पाया बदललेला नाही. उलट नव्या संहितेत कमी केलेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकता यावं म्हणून मालकाने 15 दिवसांच्या पगाराइतकी रक्कम वेगळ्या निधीत भरण्याची तरतूद आली. ती रक्कम कामगाराच्या खात्यात 45 दिवसांत जमा व्हायला हवी. राहिलेला पगार देण्यासाठी नव्या वेतन संहितेने मालकाला दोन कामकाजाचे दिवस दिले आहेत.

एक उदाहरण मांडून बघू. समजा, तुमच्या सहकाऱ्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना 18,000 रुपये आहे, बाकी भत्ते नाहीत, आणि सेवा 7 वर्षं 8 महिने झाली आहे. सहा महिन्यांहून अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून 8 वर्षं. भरपाई म्हणजे अर्ध्या महिन्याचे 9,000 गुणिले 8, म्हणजे 72,000 रुपये. सूचना दिली नसेल तर तिच्या बदल्यात आणखी 18,000. ग्रॅच्युइटीचा हिशोब वेगळ्या पद्धतीने होतो: 18,000 ला 15 ने गुणायचं, 26 ने भागायचं आणि 8 ने गुणायचं. साधारण 83,077 रुपये होतात. ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी मिळते, कारण पाच वर्षांची सेवा झाली आहे. म्हणजे "वैयक्तिक कारण" असा मजकूर असलेल्या कागदावर सही केली तर हातातून जातात ते 72,000 आणि 18,000, असे एकूण 90,000 रुपये, शिवाय कौशल्य निधीचे 9,000. महिना 18,000 कमावणाऱ्या घरासाठी हा पाच महिन्यांचा पगार झाला.

हा हिशोब त्याच्यासोबत बसून कागदावर लिहा. आकडा समोर आला की मन स्थिर व्हायला मदत होते, आणि पुढच्या बोलणीत काय मागायचं हेही कळतं. सही झाली नसेल तर त्याने नम्रपणे म्हणावं, "मी हे घरी नेऊन वाचतो, दोन दिवसांत कळवतो." कुणी अडून बसलंच तर कागदावर "मजकूर मान्य नाही, फक्त प्रत मिळाली" असं लिहून सही आणि तारीख टाकता येते. सही आधीच होऊन गेली असेल, तर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी कंपनीला एक छोटा ईमेल पाठवायचा: अमुक तारखेला मला कामावरून कमी करण्यात आलं, राजीनामा माझ्या इच्छेने नाही, सही दबावाखाली घेतली गेली. त्याने प्रश्न सुटतोच असं नाही. मात्र पुढे कामगार अधिकाऱ्यासमोर बसायची वेळ आली तर त्या तारखेचा लेखी पुरावा हातात राहतो. अशी तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, म्हणून "बघू नंतर" म्हणत बसू नये.

इथे मर्यादा सांगायला हव्यात, कारण खोटी आशा देणं हेही पोकळ सांत्वनच. ही भरपाई कायद्याच्या व्याख्येत "कामगार" असलेल्यांसाठी आहे. व्यवस्थापक म्हणून काम करणारे आणि 18,000 रुपयांहून जास्त पगाराचे पर्यवेक्षक तिच्यातून बाहेर पडतात. हुद्दा नुसता मोठा दिसतो की काम खरंच व्यवस्थापनाचं आहे, यावर बरेच वाद होतात. ज्यांना हा कायदा लागू नाही त्यांच्यासाठी नेमणुकीच्या पत्रातला नोटिशीचा कालावधी महत्त्वाचा असतो, तो वाचून काढा. आणि दहापेक्षा कमी माणसं असलेल्या गाळ्यात ग्रॅच्युइटी कदाचित लागूच होणार नाही. तिथे ठेकेदारामार्फत काम असेल, तर पगाराची पावतीही नसते. मग बँकेतल्या जमा नोंदी, गेटपास, पाळी सांगणारे व्हॉट्सॲप मेसेज, हजेरीच्या वहीचा फोटो यांतून तो तिथे कामाला होता हे दाखवावं लागतं. हे गोळा करायला त्याला माणूस लागतो आणि तो माणूस तुम्ही होऊ शकता. "माझ्याबरोबर 2019 पासून अमुक याच गाळ्यात काम करत होता" असं लिहून द्यायला तयार असलेला सहकारी फार मोलाचा असतो.

कागदांबद्दल इतकं बोलतो आहे, त्याला मुंबईचा जुना अनुभव आहे. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लाखो कामगारांचं आयुष्य बदललं. बरेचजण गिरणगाव सोडून उपनगरांच्या टोकाला गेले. पुढे गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या घरांच्या सोडती निघाल्या, तेव्हा 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर असल्याचं सिद्ध करावं लागलं. तिकीट, ओळखपत्र, भविष्यनिधीचा क्रमांक, कर्मचारी विम्याचं कार्ड अशा कागदांवर पात्रता ठरत होती. कुणाच्या ट्रंकेत ते जपून ठेवलेले निघाले, कुणाचे स्थलांतरात किंवा पुरात गेले. तेव्हा त्या कागदांची किंमत कुणाला ठाऊक नव्हती. म्हणून आज तुमचा सहकारी निघाला की, त्याच्या नेमणुकीचं पत्र, शेवटच्या काही महिन्यांच्या पावत्या, फॉर्म 16, कमी केल्याचं पत्र आणि विम्याचं कार्ड त्याच्या स्वतःच्या ईमेलवर आणि घरातल्या एका पाकिटात आहेत का, ते बघा. कंपनीचा ईमेल त्याच दिवशी बंद होतो, म्हणून हे लगेच करायचं. मात्र त्याच्या वैयक्तिक कागदांपलीकडे कंपनीचं काही बाहेर नेऊ नये. तुम्हीही ऑफिसच्या ईमेलवरून काही पाठवू नका, नाहीतर एकाची मदत करताना दुसऱ्याची नोकरी धोक्यात येते.

दुसरी मोठी काळजी दवाखान्याची असते आणि इथे बहुतेकांना अर्धीच माहिती असते. ज्याचा पगार 21,000 पर्यंत आहे त्याच्या पगारातून कर्मचारी विम्याची, म्हणजे ईएसआयसीची वर्गणी जात असते. नोकरी गेली की कार्ड बंद, असं समजून लोक ते कपाटात टाकतात आणि आईच्या उपचारांसाठी खाजगी हॉस्पिटलात पैसे भरतात. प्रत्यक्षात वर्गणीचा काळ आणि लाभाचा काळ पुढे-मागे असतो. एप्रिल ते सप्टेंबर या काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरली असेल, तर तिचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जुलै ते डिसेंबरपर्यंत मिळतो. म्हणजे एखाद्याला डिसेंबरच्या अखेरीस काढलं, तर एप्रिल-सप्टेंबरच्या जोरावर जूनपर्यंत उपचार चालू राहतात. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत 78 दिवसांची वर्गणी पूर्ण झाली असेल, तर पुढच्या वर्षअखेरपर्यंतही. उत्तर मुंबईच्या बाजूला कांदिवली पूर्वेला विमा योजनेचं रुग्णालय आहे. कार्ड घेऊन आधी तिथे किंवा आपल्या दवाखान्यात जा, उपचार सुरू राहण्याची मुदत स्पष्ट विचारून घ्या.

याच विम्याच्या अंतर्गत 1 जुलै 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. किमान दोन वर्षं विम्याखाली नोकरी झालेल्याला बेकारीत सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदा मिळते. आपल्या उदाहरणात 18,000 म्हणजे रोजचे 600, त्याचे निम्मे 300, असे 90 दिवसांचे साधारण 27,000 रुपये. योजनेची मुदत सरकार वेळोवेळी वाढवत आलं आहे, म्हणून शाखा कार्यालयात चालू असल्याची खात्री करूनच अर्ज भरा. गैरवर्तनामुळे काढलेल्याला किंवा स्वेच्छेने निवृत्त झालेल्याला ती मिळत नाही, म्हणून नोंदीतलं जाण्याचं कारण बरोबर असायला हवं. राजीनाम्याचा कागद इथेही आडवा येऊ शकतो. ऑफिसातला गट विमा असेल तर तो शेवटच्या दिवशीच संपतो का, त्याच कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत वळवता येतो का आणि त्यासाठी किती दिवस आहेत, हे एचआरला तुम्हीच फोन करून विचारा. आजारपण असलेल्या घरात हा एक फोन फार कामाचा असतो.

पीएफ लगेच काढू नका, एवढं एक सांगा. पाच वर्षांची सेवा होण्याआधी काढल्यास कर लागू शकतो, पण नोकरी आपल्या हाताबाहेरच्या कारणाने गेली असेल तर सवलत असते. इथेही पुन्हा जाण्याचं कारणच महत्त्वाचं. पैसे काढण्याचे नियम ऑक्टोबर 2025 मध्ये बदलण्याचं ठरलं, म्हणून आज काय लागू आहे ते ईपीएफओच्या संकेतस्थळावर बघूनच अर्ज करा. त्याची खाते पुस्तिका दोघांनी मिळून उघडा आणि मालकाने शेवटचे हप्ते भरले आहेत का ते तपासा. अडचणीतल्या कंपनीत ते बऱ्याचदा भरलेले नसतात.

मागणी करायची वेळ आलीच, तर कुठे जायचं? पेणकरपाड्यात राहणाऱ्याला वाटतं की आपला जिल्हा ठाणे म्हणजे ठाण्यालाच जायचं. हद्द घरावर ठरत नाही, कामाच्या जागेवर ठरते. गाळा इथेच असेल तर ठाण्याचं कामगार आयुक्तालयाचं कार्यालय, आणि नोकरी अंधेरीला असेल तर मुंबईचं. चुकीच्या ठिकाणी एक चक्कर झाली की माणूस खचून पुन्हा जात नाही, म्हणून पहिल्या चक्करला तुम्ही एक दिवस रजा टाकून बरोबर जा. अर्ज दोन प्रतींत न्या आणि एकीवर पोच घ्या.

मग घराचा विषय. काहीजण आठवडाभर रोज सकाळी तयार होऊन बाहेर पडतात आणि घरी सांगत नाहीत. असं चाललं आहे हे तुमच्या लक्षात आलं तर परस्पर वहिनींना फोन करू नका. त्याला म्हणा, "आज तू घरी सांग, मी तासाभराने चहाला येतो." जाताना हिशोबाचा तो कागद बरोबर न्या. बायकोला नोकरी गेल्याच्या बातमीबरोबर अमुक रक्कम अमुक तारखेपर्यंत यायची आहे हेही कळलं, की त्या घरातलं बोलणं वेगळ्या वळणावर जातं. गृहकर्जाचा हप्ता चुकण्याआधी बँकेला लेखी कळवा. आधी कळवलेल्या माणसाला सवलत मागण्याची जागा असते, चुकल्यानंतर फोन टाळणाऱ्याला ती राहत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी विषय काढला, तर तो शांतपणे बंद करायचं काम तुमचं.

पैशांची मदत करायची असेल तर रक्कम ठरवून, एकट्यात द्या: "हे दहा हजार, हिशोब आला की परत कर, नाही आला तर दिवाळीला बोलू." ऑफिसात वर्गणीचं पाकीट फिरवू नका. बऱ्याच लोकांना नोकरी जाण्यापेक्षा ते पाकीट जास्त लागतं. त्याऐवजी मुलाच्या शाळेची फी किंवा महिन्याचं किराणा सामान असं एखादं काम दोघातिघांनी वाटून घेणं चांगलं.

नोकरी शोधायची मदतही नेमकी हवी. "माझ्या ओळखीत सांगतो" म्हणण्याऐवजी एका माणसाला फोन लावा आणि सहकाऱ्याचं नाव, त्याने केलेलं एक काम आणि हवा असलेला हुद्दा सांगा: "सीएनसी मशीनवर सात वर्षं, सेटिंग स्वतः करतो, रिजेक्शन कमी करून दाखवलं आहे." बायोडाटा त्याला लिहायला सांगू नका. त्याच्या तोंडून ऐकून तुम्ही लिहा, कारण त्या दिवसांत माणसाला स्वतःचं एकही काम चांगलं वाटत नसतं. तुम्ही त्याच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं ते पाहिलं आहे.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. तो झोपत नसेल, पिणं वाढलं असेल किंवा "मी नसतो तर घर विम्यावर तरी चाललं असतं" असं काही बोलला, तर ते रागाच्या भरातलं समजून सोडू नका. एकटं ठेवू नका, सरळ विचारा आणि टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर त्याच्यासोबत बसून फोन लावा. तिथे मराठीत बोलता येतं, दिवसरात्र.

पहिल्या आठवड्यात सगळे फोन करतात, तिसऱ्या आठवड्यापासून फोन थांबतात, आणि हिशोब मात्र याच काळात अडकतो. म्हणून स्वतःच्या फोनमध्ये चार तारखा लावून ठेवा. काम सुटल्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांनी राहिलेला पगार आला का ते विचारायचं. तीस दिवसांनी ग्रॅच्युइटी जमा झाली का ते बघायचं. पंचेचाळीस दिवसांनी कौशल्य निधीची रक्कम. आणि दोन महिन्यांनी पीएफच्या खात्यावर कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण काय टाकलं आहे ते उघडून बघायचं. तारीख टाकलेली नसेल, तर शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाल्यावर कर्मचारी स्वतःही ती ऑनलाइन टाकू शकतो.